वास्तुशांत चोवीसला, शटर बावीसला: गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

प्रश्न: आमचं छोटं वर्कशॉप आहे, मॉड्युलर किचन करतो. एका गिऱ्हाइकाला १८ तारखेला किचन पूर्ण करून देतो असं सांगितलं होतं. कॅरकस तयार आहेत, पण पीयू फिनिशची शटर आम्ही बाहेरून करून घेतो आणि तो माणूस आज, ९ तारखेला, म्हणतोय की माल २२ ला निघेल. गिऱ्हाइकाची वास्तुशांत २४ ला आहे. चूक सरळ सरळ शटरवाल्याची आहे. ते सांगायचं की नाही? आणि नवी तारीख कोणती द्यायची?

उत्तर:

आधी तारीख पक्की करा, मग फोन उचला. बहुतेक जण उलटं करतात. घाबरून फोन करतात, गिऱ्हाईक विचारतं "मग कधी?", आणि तोंडातून जी तारीख निघते तीच पुढे गळ्यात पडते. तुमच्या बाबतीत ती तारीख २३ असणार हे मी आत्ताच सांगू शकतो. शटर २२ ला येतील, २३ ला रात्रभर बसून लावू, २४ ला पूजा. ऐकायला छान वाटतं. म्हणूनच ते सापळा आहे.

२२ ला माल "निघेल" याचा अर्थ त्याच्या कारखान्यातून गाडीत चढेल. तुमच्याकडे उतरेल २३ ला. उतरल्यावर तुम्ही नग मोजणार, मापं ताडणार, उजेडात धरून रंग बघणार, कडा तपासणार. पीयू फिनिशच्या शटरवर एखादा ओरखडा, एखादा धुळीचा कण नाही असं क्वचितच होतं, आणि हे साइटवर गिऱ्हाइकासमोर कळण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये कळलेलं बरं. म्हणजे २३ गेला. २४ ला त्यांच्या घरात गुरुजी, होम, जेवणावळ. त्या दिवशी तुमच्या फिटरला दारातही उभं करणार नाहीत. २५ ला पाहुणे अजून घरातच असतात. म्हणजे बिजागऱ्या बसवून शटर टांगायला तुम्हाला मिळतात २६ आणि २७. सर्व शटर लागल्यावर फटी सारख्या करायला, हँडल बसवायला, चिमणीच्या बाजूचं कपाट नीट करायला अर्धा-एक दिवस लागतोच. झाला २८. मध्ये रविवार येतो का ते बघा, कारण बऱ्याच सोसायट्या रविवारी आणि दुपारच्या वेळी ड्रिल चालवू देत नाहीत.

हा झाला सगळं सुरळीत झालं तरचा हिशेब. त्यात दोन दिवस घाला आणि गिऱ्हाइकाला सांगा ३०. हे दोन दिवस स्वतःच्या सोयीसाठी ठेवायचे नाहीत. ज्या माणसाची तारीख एकदा चुकली आहे त्याची दुसरी तारीखही थोडी घसरते, म्हणून ठेवायचे. काही जण मात्र "दहा दिवस जास्तच सांगू, लवकर दिलं तर खूश होतील" असा विचार करतात. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरात समारंभ आहे त्यांचे पाहुणे, सामानाचा टेम्पो, भाड्याचं घर सोडण्याचा दिवस, सगळं तुमच्या तारखेभोवती फिरत असतं. उगाच फुगवलेली तारीखही त्यांना खर्चात पाडते.

पण या हिशेबाचा पाया आहे तो शटरवाल्याचा २२, आणि तो खरा आहे का हे तुम्ही अजून तपासलेलं नाही. "कधी देणार?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून तारीखच मिळते. "आत्ता माझा माल कुठल्या टप्प्यावर आहे?" असं विचारा. बोर्ड कापून झाला का, प्रायमर मारून घासकाम झालं का, रंगाचा हात झाला का, वरचा कोट कधी मारणार. पीयूचे थर एकावर एक चढतात, प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, आणि पावसाळी दमट हवेत वाळायला जास्त वेळ लागतो. तेव्हा "प्रायमर झालाय, उद्यापासून रंग" असं उत्तर आलं तर २२ ला थोडाफार अर्थ आहे. तुमच्या ऑर्डरचं स्टिकर लागलेल्या शटरचा फोटो मागा. फोटो दहा मिनिटांत आला तर माल खरोखर चालू आहे. "संध्याकाळी पाठवतो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीही आला नाही, तर समजून जा. आणि "बोर्ड अजून यायचाय" असं म्हणाला तर २२ हा नुसता आकडा आहे.

अशा वेळी गिऱ्हाइकाला शेवटची तारीख देऊच नका. "नक्की तारीख मी तुम्हाला गुरुवारी सांगतो" असं सांगा आणि गुरुवारी सांगा. अर्धवट माहितीवर दिलेली तारीख चुकली की गिऱ्हाइकाच्या लेखी तो दुसरा उशीर ठरतो. तारीख कळवण्याचा दिवस ठरवून तो पाळला तर तसं होत नाही.

आता मुख्य गोष्ट. गिऱ्हाइकाला २४ ला नेमकं काय हवंय? त्यांना सगळं किचन हवंय, हे खरं. पण वास्तुशांतीच्या दिवशी स्वयंपाकघरात काय होतं? दूध उतू घालतात, नैवेद्य होतो, चहा होतो, बायका आत-बाहेर करतात. त्यासाठी ओटा, पाणी, सिंक आणि पेटणारी शेगडी लागते. शटर लागत नाहीत. तुमच्या उशिरात फक्त शटर अडकली आहेत, पण सगळं एकत्रच लावू म्हणून तुम्ही कॅरकसही वर्कशॉपमध्येच ठेवाल, फिटरचा एक फेरा वाचवायला. मग मात्र खरंच २४ ला ओटा नसेल.

याचं कारण ग्रॅनाइट. ग्रॅनाइटवाला खालची कॅरकस जागेवर, लेव्हलमध्ये बसल्याशिवाय शेवटचं माप घेत नाही, आणि घेऊही नये. भिंती काटकोनात नसतात, कोपऱ्यात फरक निघतो. माप घेतल्यापासून दगड कापून, कड घासून, सिंक आणि हॉबचं भोक पाडून बसवेपर्यंत चार-पाच दिवस धरा. मग सिंकच्या कडेला आणि भिंतीच्या सांध्याला सिलिकॉन. ते वाळायला एक अख्खा दिवस पाणी लावायचं नाही. मग प्लंबर. तेव्हा १० आणि ११ ला कॅरकस बसवा, १२ ला माप द्या, १७ च्या आसपास दगड बसेल, १८ सिलिकॉनचा, १९ ला नळ आणि शेगडी. गिऱ्हाइकाला सांगा २०. फोन करण्याआधी ग्रॅनाइटवाल्याशी बोलून घ्या, नाहीतर तुम्ही त्याच्या जिवावर तारीख देताय आणि त्याला पत्ताच नाही.

ट्रॉल्यांबद्दल एक सांगतो. धातूच्या बाजूंच्या ड्रॉवरमध्ये समोरची फळीच दोन्ही बाजूंना धरून ठेवते. ती नसताना ड्रॉवर लावून वापरायला दिला तर कुणीतरी एका बाजूने ओढणार, चॅनेल तिरपं होणार आणि त्याची तक्रार पुन्हा तुमच्याकडेच येणार. समारंभापुरत्या त्या जागी मोकळी कपाटं राहू द्या. आतून कॅरकस पुसून स्वच्छ ठेवा. फारच उघडंबोडकं वाटत असेल तर ओट्याखाली दोरीवर एक साधा पडदा लावून द्या, त्याला काहीच खर्च येत नाही.

एवढं हातात आलं की फोन करा. आजच करा. मेसेज नको, आधी फोन. वाईट बातमी व्हॉट्सॲपवर वाचायला लागली की माणूस निळ्या टिकेकडे बघत चिडत बसतो. आणि १७ तारखेपर्यंत थांबू नका. आज कळलं तर ते अजून काही बदलू शकतात. १७ ला कळलं तर त्यांच्या हातात फक्त भांडण उरतं.

फोनवर साधारण असं बोलायचं:

"काका, नमस्कार. किचनबद्दल बोलायचं होतं, दोन मिनिटं आहेत का? १८ ला पूर्ण करून देतो म्हणालो होतो, ते १८ ला होणार नाही. शटर अजून तयार झालेली नाहीत. पूर्ण किचन ३० तारखेला संध्याकाळपर्यंत होईल. तुमची वास्तुशांत २४ ला आहे हे माझ्या लक्षात आहे, म्हणून ओटा, सिंक आणि शेगडी मी २० ला चालू करून देतोय. त्या दिवशी फक्त दारं नसतील. उशीर झालाय आणि त्याचा त्रास तुम्हाला होणार आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. यात तुमचं काही अडतंय का ते मला सांगा."

यात क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच दमात "होणार नाही" येतं. इकडची तिकडची विचारपूस, पावसाची चर्चा, मग हळूच "जरा थोडं पुढे जाईल असं वाटतंय" असं घोळवत गेलं की समोरच्याला तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवताय हे लगेच कळतं. "थोडं", "एक-दोन दिवस इकडे-तिकडे", "प्रयत्न चालू आहे" हे शब्द टाळा. गिऱ्हाईक त्यातला सोयीचा अर्थ घेतं आणि तोच तुमचा शब्द होऊन बसतो.

शेवटचा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा नाही. उत्तरात खरी माहिती मिळते. कदाचित ते म्हणतील, "आम्ही २५ ला भाड्याचं घर सोडतोय, भांडी कुठे ठेवू?" मग वरच्या कपाटांचे कप्पे २० पर्यंत वापरण्याजोगे करून देणं हे तुमचं काम झालं. कदाचित म्हणतील, "फोटो काढायचेत, उघडं दिसेल." मग तो पडदा जरा बऱ्या कापडाचा लावा. कदाचित नुसतेच चिडतील. चिडू द्या. मध्ये बोलू नका. "बरोबर आहे तुमचं" एवढं पुरतं.

आता तुमचा खरा प्रश्न, शटरवाल्याचं नाव घ्यायचं का. नाही. "कंपनीकडून माल आला नाही", "वेंडरने फसवलं", "कामगार गावी गेले", "ट्रान्सपोर्टवाल्यांचं काही खरं नसतं" ही सगळी वाक्यं एकच काम करतात, तुमचे हात वर करतात. शटर बाहेर करून घ्यायचं तुम्ही ठरवलं, कुणाकडून तेही तुम्ही ठरवलं, आणि १८ तारीख सांगताना त्याच्या उशिरासाठी किती जागा ठेवायची हेही तुम्हीच ठरवलं होतं. गिऱ्हाइकाने पैसे तुम्हाला दिले आहेत, त्याला त्या माणसाचं नावही माहीत नाही. कायदाही याच बाजूने बघतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ मध्ये ठरलेल्या वेळेत काम न झाल्याचे परिणाम दिले आहेत, आणि तिथे प्रश्न विचारला जातो वचन देणाऱ्याला. तुमच्या गिऱ्हाइकाला वचन तुम्ही दिलंय. तुमच्या पुरवठादाराचा हिशेब तुम्ही वेगळा मांडा, जरूर मांडा, पण त्या खोलीत गिऱ्हाईक नको.

यात व्यवहारही आहे. दोष दुसऱ्यावर टाकला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "त्यांचा नंबर द्या, मी बोलतो." दिला तर काम तुमच्या हातातून गेलं, नाही दिला तर तुम्ही काहीतरी लपवताय. शिवाय दोन वर्षांनी एखाद्या शटरचा रंग उडाला तर दुरुस्तीला तुम्ही त्याच कारखान्यात जाणार. ज्याला गिऱ्हाइकासमोर नालायक ठरवलं त्याच्याकडून केलेली दुरुस्ती गिऱ्हाईक कशी स्वीकारेल?

म्हणून खोटं बोलायचं असं मात्र नाही. कारण सांगायचं, एका वाक्यात, वस्तूबद्दल: "शटर अजून तयार झालेली नाहीत." माणसाबद्दल काही नाही. ते खोदून विचारतील, "का नाही झाली? कुणामुळे?" तेव्हा सरळ सांगा, "शटर आम्ही बाहेरून रंगवून घेतो. ती वेळेवर आणणं माझं काम होतं, ते झालं नाही." इथे गोष्ट लपवलेली नाही आणि बोटही दाखवलेलं नाही. बहुतेक वेळा यानंतर तो प्रश्न संपतो, कारण भांडायला समोर कुणी तिसरा उरत नाही. हाच नियम तुमच्या फिटरला आणि साइटवर जाणाऱ्या पोरांनाही सांगून ठेवा. मालक फोनवर जबाबदारी घेतो आणि फिटर ओट्यापाशी चहा पिता पिता "काय सांगू काकू, तो शटरवाला लय डेंजर आहे" म्हणतो, हे मी फार वेळा बघितलंय.

फोन ठेवल्यावर लगेच मेसेज. घरात निर्णय एकटे काका घेत नसतात, त्यांना काकूंना, मुलाला दाखवायला काहीतरी लेखी लागतं. बोललात तेच लिहा, नवीन काही नको:

"नमस्कार काका. फोनवर बोलल्याप्रमाणे: किचन १८ तारखेला पूर्ण होणार नाही, त्याबद्दल माफी मागतो. ओटा, सिंक आणि शेगडी २० तारखेला वापरायला तयार असेल. शटर, ट्रॉल्या आणि हँडलसह पूर्ण किचन ३० तारखेला संध्याकाळपर्यंत होईल. २४ आणि २५ ला आमचं कुणी येणार नाही. २३ तारखेला दुपारी शटर आमच्याकडे पोचली की नाही हे मी तुम्हाला स्वतः फोन करून कळवेन."

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. २३ ला फोन करायचाच आहे, शटर आली नाहीत तरीसुद्धा. तोच फोन लोक टाळतात, "आली की सांगू" म्हणून. मग गिऱ्हाईक पूजेच्या आदल्या दिवशी तुम्हाला फोन लावतं, तुम्ही ड्रिल चालू असल्यामुळे उचलत नाही, आणि आतापर्यंत नीट सांभाळलेलं सगळं बिघडतं. ज्या दिवशी स्वतःहून फोन केला त्या दिवशी त्यांना तुमच्या मागे लागायची गरज उरत नाही.

पैशांचं थोडक्यात. माल पाठवण्याआधीचा हप्ता तुमच्या ठरावात असेल तर तो आत्ता मागू नका. कॅरकस आणि ओटा बसला म्हणून त्याचा काही भाग मागणं चालेल, पण शटरच्या वाट्याचे पैसे शटर तुमच्या वर्कशॉपमध्ये उतरल्यावरच. आणि पहिल्याच फोनवर सूट देऊ करू नका. त्याने तारीख बदलत नाही, उलट तुम्ही पैसे देऊन त्यांना गप्प करताय असं वाटतं. त्यांचा खरा खर्च वाढला असेल, उदाहरणार्थ जुन्या घराचं भाडं वाढीव दिवसांसाठी द्यावं लागणार असेल, तर त्याबद्दल वेगळं बसून बोला आणि जमेल तेवढं स्वतःहून सोसा.

३० ही तारीख पुन्हा हलणार असं दिसलं तर? २३ ला शटर आली नाहीत आणि शटरवाला म्हणतोय "अजून चार दिवस", तर त्या चार दिवसांवर लगेच नवी तारीख बांधू नका. स्वतः कारखान्यात जा, माल डोळ्यांनी बघा, आणि मगच बोला. दुसऱ्यांदा तारीख बदलता येते, पण तीही घसरली तर यापुढे तुम्ही काहीही सांगा, ते ऐकून घेतील आणि मनात स्वतःचे आठ दिवस वाढवतील. रंग अजून लागलेलाच नसेल तर गिऱ्हाइकासमोर पर्याय ठेवा: थांबायचं, की तयार लॅमिनेटची शटर घ्यायची, जी तुमच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये कापून कडा लावून तीन-चार दिवसांत होतात आणि पीयूपेक्षा स्वस्त पडतात. फरकाचे पैसे परत. निवड त्यांची.

आणि एक शक्यता जवळजवळ नक्कीच येणार आहे, तेव्हा तयारीत राहा. सगळी शटर येतील आणि त्यातलं एक खराब निघेल. ते शटर परत जाणार, पुन्हा रंगून यायला आठवडा. तेवढ्यासाठी ३० पुढे ढकलू नका. बाकी सगळं लावा, त्या एका कपाटाला आहे तेच शटर तात्पुरतं टांगा, आणि गिऱ्हाइकाला डाग स्वतः बोटाने दाखवा: "हे एक बदलायचं आहे, ७ तारखेला बदलून देतो, तोवर हे वापरा." शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम त्या शटरपोटी त्यांच्याकडेच राहू द्या, आणि ७ तारीख डायरीत नाही, फिटरच्या कामाच्या यादीत लिहा.